तिसाव्या थरावर अडलेलं नेटवर्क

२०१५ च्या फेब्रुवारीत बीजिंगच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च एशिया या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध बाहेर पडला. काइमिंग ह, शियांग्यू झांग, शाओचिंग रेन आणि जियान सुन हे त्याचे चार लेखक. निबंध गाजला तो एका आकड्यामुळे. ‘इमेजनेट’ नावाची छायाचित्रं ओळखण्याची एक अवघड परीक्षा आहे. चित्रात काय आहे हे हजार प्रकारांतून ओळखायचं आणि पाच उत्तरांपैकी एक तरी बरोबर यायला हवं. या चौघांच्या यंत्रणेने चुकांचं प्रमाण ४.९४ टक्क्यांवर आणलं होतं. त्याआधी तीच परीक्षा सराव करून दिलेल्या माणसाच्या चुका ५.१ टक्के होत्या. ‘यंत्राने माणसाला मागे टाकलं’ हा मथळा तयारच होता.

खरी चीज मात्र निबंधाच्या आत, दोन साध्या आलेखांत होती. पहिल्या आलेखात २२ थरांचं एक न्यूरल नेटवर्क दोनदा शिकवलेलं आहे. चित्रं तीच, रचना तीच, शिकवण्याची पद्धतही तीच. फरक एवढाच की शिकवणी सुरू होण्याआधी नेटवर्कमध्ये जे आकडे भरून ठेवावे लागतात, ते एकदा एका सूत्राने भरले आणि एकदा दुसऱ्या. दोन्ही वेळा नेटवर्क शिकलं. एक थोडं आधी, दुसरं थोडं उशिरा. दुसऱ्या आलेखात ३० थर आहेत. इथे एका सूत्राने भरलेलं नेटवर्क व्यवस्थित शिकत गेलं आणि दुसरं जागेवरच बसून राहिलं. त्याच्या चुकांची रेघ आडवी ती आडवीच.

या दोन सूत्रांमध्ये फरक होता फक्त २ या आकड्याचा.

तो २ कुठून आला हे समजायला नेटवर्कच्या एका थरात काय चालतं ते पाहावं लागेल. समजा, एका थरात ५१२ घटक आहेत आणि मागच्या थराकडून ५१२ आकडे येत आहेत. प्रत्येक घटक ते सगळे आकडे घेतो, प्रत्येकाला आपल्याकडच्या एकेका वजनाने गुणतो आणि गुणाकारांची बेरीज करतो. बेरीज ऋण आली तर तिच्या जागी शून्य ठेवतो, धन आली तर तशीच पुढे पाठवतो. ऋणाचं शून्य करण्याच्या या पायरीला रेलू म्हणतात. म्हणजे अशा एका थरात ५१२ गुणिले ५१२, अर्थात २,६२,१४४ वजनं. शिकणं म्हणजे ही वजनं हळूहळू बदलत नेणं. पण बदलायला आधी काहीतरी असावं लागतं, आणि प्रश्न तिथेच उभा राहतो.

सगळी वजनं शून्य ठेवून चालत नाही. एकसारखी ठेवूनही चालत नाही, कारण मग थरातले सगळे घटक तीच बेरीज करतात, त्यांच्या चुकाही सारख्याच निघतात आणि सुधारणाही सारख्याच होतात. ५१२ घटक असून काम एकाचंच होतं. म्हणून सुरुवातीची वजनं यादृच्छिक घेतात: काही धन, काही ऋण, सरासरी शून्य. इथवर कुणाचंच दुमत नाही. वाद आहे तो ही वजनं शून्याच्या किती जवळ किंवा किती दूर पसरलेली असावीत, याचा. संख्याशास्त्रात हा पसारा प्रमाण विचलनाने मोजतात आणि त्याच्या वर्गाला व्हेरियन्स म्हणतात.

आता थोडा हिशोब. आत येणाऱ्या ५१२ आकड्यांचा नेहमीचा आकार १ आहे असं धरू. नेहमीचा आकार म्हणजे सगळ्यांचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचं. वजनांचं प्रमाण विचलनही १ असेल तर ५१२ गुणाकारांची बेरीज केवढी येईल? ५१२ येणार नाही, कारण काही गुणाकार धन तर काही ऋण असतात आणि एकमेकांना बरंच खाऊन टाकतात. अशा बेरजेत व्हेरियन्सची भर पडते, आकाराची नाही. बेरजेचा व्हेरियन्स ५१२ होतो आणि आकार त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २२.६. मग रेलू येतो. यादृच्छिक बेरजा निम्म्या ऋण असतात, त्या शून्य होतात. त्यामुळे वर्गांची सरासरी निम्मी होऊन २५६ वर येते. तिचं वर्गमूळ १६. थोडक्यात, १ आकाराचा संकेत या एका थरातून बाहेर पडताना १६ पट झाला.

पुढच्या थरात पुन्हा १६ पट. चौथ्या थराअखेर ६५,५३६. आज बरीच शिकवणी १६ बिटांच्या आकड्यांत चालते आणि त्यांच्या नेहमीच्या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे ६५,५०४. म्हणजे चौथ्याच थरात भांडं भरून वाहिलं. ३२ बिटांचे आकडे वापरले तर मर्यादा बरीच वर, ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात इतकी; पण १६ चा ३२ वा घातही नेमका तिथेच पोचतो. बत्तिसाव्या थराच्या आसपास पडद्यावर `inf` दिसतं आणि त्यानंतर `nan`. ज्यांनी नेटवर्क शिकवली आहेत त्यांना हे दुसरं अक्षरत्रिकूट चांगलंच ओळखीचं असतं.

मग वजनं लहान घ्यावीत, असं कुणीही म्हणेल. २०१२ मध्ये इमेजनेटची स्पर्धा जिंकून ज्याने या क्षेत्राचा नूर पालटला, त्या ॲलेक्सनेटमध्ये वजनांचं प्रमाण विचलन ०.०१ ठेवलं होतं आणि पुढे अनेकांनी तोच आकडा उचलला. आपल्या ५१२ च्या थरात तो घालून पाहू. १६ च्या ऐवजी आता दर थराला ०.१६ ने गुणाकार होतो. पहिल्या थरानंतर ०.१६, दुसऱ्यानंतर ०.०२५६ आणि दहाव्यानंतर ०.०००००००११ च्या आसपास. कुत्र्याचं चित्र असो की कपबशीचं, दहाव्या थराला जे पोचतं ते जवळजवळ शून्य. ॲलेक्सनेटला हे फारसं जाचलं नाही, कारण त्यात वजनांचे थर आठच होते.

चक्रवाढ व्याजाचा हिशोब ज्याला येतो त्याला यात नवल वाटणार नाही. एका थरातला गुणक १ पेक्षा थोडा कमी किंवा थोडा जास्त असला तरी एका थरापुरतं काही बिघडत नाही; थर वाढले की तोच गुणक स्वतःने गुणला जात राहतो. म्हणून हवा असतो तो नेमका १ चा गुणक, म्हणजे थरामागून थर संकेताचा व्हेरियन्स जसाच्या तसा राहायला हवा.

संकेत लहान झाला तर काय बिघडलं, शेवटी गुणून मोठा करता येईल की, अशी शंका रास्त आहे. उत्तर शिकण्याच्या पद्धतीत आहे. नेटवर्कने उत्तर दिल्यावर त्याची चूक मोजतात आणि ती चूक शेवटच्या थराकडून पहिल्याकडे उलट्या दिशेने पाठवतात. याला बॅकप्रोपगेशन म्हणतात. प्रत्येक वजनात किती बदल करायचा हे दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतं: त्या वजनाकडे पुढून आलेला संकेत आणि मागे परतणारा चुकीचा संकेत. हा गुणाकार म्हणजे ग्रेडियंट. चुकीचा संकेत परततानाही त्याच वजनांमधून जातो आणि त्यालाही तसाच गुणक लागतो. जाताना आणि येताना दोन्हीकडे गळती असेल तर वजनाला मिळणारा बदल इतका क्षुल्लक असतो की हजारो फेऱ्या झाल्या तरी ते जागचं हलत नाही. नेटवर्क मेलेलं नसतं, चुकीचंही नसतं. त्याच्यापर्यंत बातमीच पोचत नाही.

ग्रेडियंट असे विरत जातात हे १९९० च्या दशकापासून माहीत होतं. थरात आत येणारे आकडे n असतील तर वजनांचा व्हेरियन्स `1/n` असावा, हा सल्लाही यान ल कून, लेआँ बोतू, जेनेव्हिव्ह ऑर आणि क्लाउस-रॉबर्ट म्युलर यांनी १९९८ मध्ये दिला होता. पण २००६ नंतरची काही वर्षं खोल नेटवर्क शिकवण्याचा राजमार्ग वेगळा होता: एकेक थर आधी स्वतंत्रपणे तयार करायचा, मग सगळे जोडून एकत्र शिकवायचे. थेट यादृच्छिक वजनांपासून सुरुवात केली तर यश येत नाही, असा अनुभव होता. का येत नाही, हे नीट कुणी मोजलं नव्हतं.

ते मोजलं माँट्रियल विद्यापीठातल्या झेवियर ग्लोरो आणि योशुआ बेंजिओ यांनी. २०१० मधला त्यांचा निबंध वाचताना जाणवतं की यात चमत्कृती अशी काहीच नाही. प्रत्येक थरात कोणते आकडे वाहतात, ते शिकवणीच्या काळात कसे बदलतात, परतणारे ग्रेडियंट कुठे रोडावतात, हे त्यांनी चिकाटीने नोंदवलं. त्या काळी वजनं एका सरधोपट नियमाने भरत: उणे `1/√n` ते अधिक `1/√n` या पट्ट्यातून कुठलाही आकडा उचलायचा. दिसायला नियम ठीक वाटतो. पण अशा सपाट पट्ट्याचा व्हेरियन्स `1/n` नसून `1/(3n)` भरतो. हव्या त्या मापाच्या एक तृतीयांश. दर थराला संकेताचा व्हेरियन्स तिसरा हिस्सा उरत होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ग्लोरो आणि बेंजिओ यांनी दोन अटी मांडल्या. पुढे जाणारा संकेत टिकायचा तर वजनांचा व्हेरियन्स आत येणाऱ्या जोडण्यांच्या व्यस्त प्रमाणात हवा. मागे येणारा ग्रेडियंट टिकायचा तर बाहेर जाणाऱ्या जोडण्यांच्या व्यस्त प्रमाणात. थराच्या दोन्ही बाजूंची रुंदी सारखी नसेल तर दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. त्यांनी मधला मार्ग काढला:

`Var(w) = 2 / (n_in + n_out)`

हीच झेवियर पद्धत. त्रिकोण, समांतरभुज चौकोन आणि लंबवर्तुळ यांची छोटी चित्रं ओळखण्याच्या त्यांच्या एका चाचणीत, टॅन-एच नावाचं वक्र वापरणाऱ्या पाच आतल्या थरांच्या नेटवर्कच्या चुका जुन्या नियमाने सुमारे २७ टक्के होत्या. नव्या सूत्राने त्या साधारण १५.६ टक्क्यांवर आल्या. नेटवर्कमध्ये एकही घटक वाढवलेला नव्हता.

(सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा इथे एक गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवलेलं बरं. पायटॉर्चमध्ये या पद्धतींची नावं `xavier` आणि `kaiming` अशी लेखकांच्या पहिल्या नावांवरून आहेत. केरासमध्ये त्याच पद्धती आडनावांवरून `glorot` आणि `he` म्हणून सापडतात.)

या सूत्राचा हिशोब एका गृहीतकावर उभा होता. सुरुवातीला घटक आपल्या सरळ, रेषीय भागात काम करत आहेत, म्हणजे बेरीज जवळपास जशीच्या तशी पुढे जाते, असं त्यात धरलं आहे. टॅन-एचसाठी हे चालून जातं, कारण शून्याच्या आसपास ते वक्र सरळ रेषेसारखंच असतं. रेलूसाठी चालत नाही. रेलू निम्म्या बेरजा शून्य करतो, मग त्या कितीही लहान असोत.

पुढच्या चार-पाच वर्षांत जग रेलूकडे वळलं आणि थर वाढत गेले. २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या कॅरेन सिमोनियन आणि अँड्र्यू झिसरमन यांनी १९ थरांपर्यंतची नेटवर्क उभी केली. सुरुवातीच्या वजनांची अडचण त्यांनाही आली. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा कष्टाचा होता: आधी ११ थरांचं नेटवर्क शिकवायचं, त्यातले काही शिकलेले थर उचलून जास्त खोल नेटवर्कमध्ये बसवायचे आणि मग पुढे शिकवायचं. झेवियर पद्धत वापरली असती तर हा खटाटोप वाचला असता, असं त्यांनी नंतर आपल्याच निबंधात नोंदवून ठेवलं.

बीजिंगच्या चौघांनी ऑक्सफर्डच्याच दहा कॉन्व्होल्यूशन थरांच्या एका नेटवर्कवर ०.०१ चा हिशोब करून दाखवला, आणि तो पाहण्यासारखा आहे. कॉन्व्होल्यूशन थरात प्रत्येक घटक चित्राचा ३ गुणिले ३ चा तुकडा पाहतो. त्यात ६४ वाहिन्या असतील तर जोडण्या होतात ५७६, आणि रेलूचा निम्मेपणा धरून योग्य प्रमाण विचलन येतं ०.०५९. वाहिन्या १२८ झाल्या की ०.०४२, २५६ ला ०.०२९ आणि ५१२ ला ०.०२१. यांच्या जागी सगळीकडे ०.०१ घातलं तर एका थरात ५.९ पटींनी, पुढच्या दोन थरांत ४.२ पटींनी, असं करत ग्रेडियंट आटत जातो. दहाव्या थराकडून दुसऱ्याकडे पोचेपर्यंत तो असायला हवा त्याच्या सतरा हजारांश उरतो. ऑक्सफर्डकरांना तो तोडगा का काढावा लागला, त्याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

आता तो २. रेलूमुळे दर थराला वर्गांची सरासरी निम्मी होते, तर वजनांचा व्हेरियन्स दुप्पट करा, एवढंच त्यांनी म्हटलं:

`Var(w) = 2/n`

५१२ च्या आपल्या थरात हे वापरलं तर वजनांचं प्रमाण विचलन येतं नेमकं एक षोडशांश, ०.०६२५. आधी दर थराला १६ पट वाढ होत होती. १६ भागिले १६ म्हणजे १. गणित मिटलं.

यावरून सुरुवातीच्या दोन आलेखांचा उलगडा होतो. रुंदी सारखी असेल तर झेवियर सूत्र `1/n` वर येतं, म्हणजे रेलूच्या नेटवर्कमध्ये दर थराला वर्गांची सरासरी निम्मी होते आणि आकार २ च्या वर्गमूळाने घटतो. २२ थरांनंतर तो उरतो साधारण २,०४८ वा भाग. हा कमीच, पण शिकणं अगदी थांबवण्याइतका नाही. म्हणून ते नेटवर्क उशिरा का होईना शिकलं. ३० थरांनंतर उरतो ३२,७६८ वा भाग. त्यातही एक खोच आहे. एखाद्या मधल्या थरापर्यंत पुढून येणारा संकेत जितका कमी घटलेला असतो, तितका मागून येणारा ग्रेडियंट जास्त घटलेला असतो. दोन्हींचा गुणाकार केला की प्रत्येक थराच्या वाट्याला तोच ३२,७६८ वा भाग येतो. त्यामुळे एखादा थर तरी शिकतोय, बाकीचे मागाहून येतील, अशी आशाही उरत नाही. सगळे एकदमच अडकतात.

पुढे जायचं आणि मागे यायचं या दोन अटींतला पेच चौघांनी सहज सोडवला. दोन्हींपैकी कुठलीही एक पाळली तरी पुरे, कारण दुसऱ्या बाजूची तफावत थरागणिक साचत जात नाही. शेवटी ती नेटवर्कच्या पहिल्या आणि शेवटच्या रुंदीच्या गुणोत्तराएवढीच राहते. म्हणून काइमिंग पद्धतीत सहसा आत येणाऱ्या जोडण्याच मोजतात.

एवढं होऊनही त्या तीस थरांच्या नेटवर्कची कहाणी सुखान्त नाही, आणि निबंधात हे प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. नेटवर्क शिकलं खरं, पण चित्रं ओळखण्यात ते त्याच लेखकांच्या १४ थरांच्या नेटवर्कपेक्षा मागेच पडलं. चांगल्या सुरुवातीने शिकणं सुरू झालं. खोलीचा फायदा मात्र पदरात पडला नाही. या सूत्रांची हद्द इथेच दिसते. ती फक्त पहिल्या क्षणाबद्दल बोलतात. वजनं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत या गृहीतकावर ती उभी आहेत आणि शिकवणीच्या पहिल्याच पावलानंतर ते गृहीतक ढळायला लागतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात याच चौघांनी थरांना वळसा घालून जाणाऱ्या जोडण्या बसवल्या आणि १५२ थरांचं नेटवर्क शिकवलं. त्याच फेब्रुवारीत गूगलच्या सर्गेई इओफे आणि क्रिस्तियान सेगेडी यांनी बॅच नॉर्मलायझेशन मांडलं होतं, ज्यात शिकवणी चालू असतानाच प्रत्येक थरातले आकडे पुन्हा पुन्हा मापात आणले जातात. या दोन्हींनंतर सुरुवातीच्या वजनांचा जाच कमी झाला.

कमी झाला, संपला नाही. वळसा घालणाऱ्या जोडण्यांत प्रत्येक थर आधीच्या संकेतात आपली भर घालतो. प्रत्येक भरीबरोबर व्हेरियन्सही वाढतो. २०१९ च्या जीपीटी-२ या भाषा-मॉडेलच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत ४८ थर आहेत आणि प्रत्येकात अशा दोन बेरजा होतात. तिथे काय केलं? भर घालणाऱ्या थरांची सुरुवातीची वजनं `1/√N` ने कमी केली, N म्हणजे अशा थरांची संख्या. सूत्र बदललं, हिशोब ग्लोरो आणि बेंजिओ यांचाच.

आपल्या हातातल्या नेटवर्कमध्ये हा दोष आहे की नाही, ते कसं ओळखायचं? पहिली खूण शिकवणी सुरू होण्याआधीच मिळते. १० प्रकारांत वर्गीकरण करणाऱ्या नेटवर्कने काहीच न शिकता सगळ्यांना सारखी शक्यता दिली तर त्याचा तोटा, म्हणजे क्रॉस-एंट्रोपी लॉस, १० च्या नैसर्गिक लॉगरिदमइतका, २.३०३ येतो. हजार प्रकार असतील तर ६.९०८. पहिल्याच फेरीत हा आकडा ३० किंवा ३०० दिसला तर संकेत फुगतोय असं समजावं. उलट तो २.३०२६ वर येऊन शेकडो फेऱ्या तिथेच ठिय्या देऊन बसला, तर संकेत बहुधा वाटेत विरतोय. खात्री करायला प्रत्येक थराबाहेरचा आकार छापून पाहावा:

```python
import torch
x = torch.randn(1000, 512)
for k in range(30):
    W = torch.randn(512, 512) * (2 / 512) ** 0.5
    x = torch.relu(x @ W)
    print(k + 1, (x ** 2).mean().sqrt().item())
```

हा तुकडा चालवला की तिसही थरांत आकडा १ च्या आसपास घुटमळतो. थोडा वर, थोडा खाली, कारण शेवटी वजनं यादृच्छिक आहेत. चौथ्या ओळीतल्या २ च्या जागी १ घातला तर तो पायरी-पायरीने उतरत जातो. कंस काढून तिथे नुसतं ०.०१ लिहिलं तर काही ओळींतच इतके शून्य दिसू लागतात की मोजायचा कंटाळा येतो.

आता एक विचित्र गोष्ट. पायटॉर्चमध्ये `nn.Linear` लिहून नवा थर बनवला आणि बाकी काही सांगितलं नाही, तर त्याची वजनं कशी भरली जातात? आतल्या कोडमध्ये `kaiming_uniform_` हे नाव दिसतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. पण त्याला सोबत `a=math.sqrt(5)` असा एक आकडा दिलेला आहे. हिशोब सोडवला की उरतो उणे `1/√n` ते अधिक `1/√n` हा पट्टा. म्हणजे ग्लोरो आणि बेंजिओ यांनी २०१० मध्ये ज्याचा दोष दाखवून दिला, नेमका तोच जुना नियम, काइमिंगच्या नावाखाली. पायटॉर्चच्या आधीच्या टॉर्चमधून तो चालत आला आहे.

रेलूबरोबर या नियमाने दर थराला वर्गांची सरासरी सहावा हिस्सा होते. दहा थरांत मूळ संकेताचा आकार ७,७७६ वा भाग उरतो. गंमत अशी की थराबाहेरचे आकडे छापून पाहिले तर ते इतके लहान दिसत नाहीत. कारण प्रत्येक घटकाच्या बेरजेत बायस नावाचा एक जादा आकडा मिळवलेला असतो आणि पायटॉर्च तोही यादृच्छिक भरतं. पुढच्या थरांत जे वाहतं ते बरंचसं या बायसचंच असतं, आणि ते चित्र कुठलंही असलं तरी तेच असतं. म्हणून निव्वळ आकारावर विसंबू नये. दोन अगदी वेगळी चित्रं आत घालावीत आणि शेवटच्या थरात त्यांचे आकडे एकमेकांपासून किती निराळे आहेत ते पाहावं.

तीन-चार थरांच्या नेटवर्कला, किंवा ज्यात नॉर्मलायझेशन आहे त्याला, या जुन्या नियमाने फारसा त्रास होत नाही. म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला असावा. नॉर्मलायझेशन न वापरता, रेलूचे दहा-बारा थर रचून जो नेटवर्क बांधणार असेल त्याने मात्र आपल्या थरांसाठी या दोन ओळी स्वतः लिहाव्यात, पायटॉर्चवर सोडू नयेत:

```python
nn.init.kaiming_normal_(layer.weight, nonlinearity='relu')
nn.init.zeros_(layer.bias)
```